ग्राहकाचे नाव चुकले तर इन्व्हॉइस रद्द करावे की क्रेडिट नोट द्यावी?

कोकणात जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या आणि ट्रॉलर किनाऱ्यावर ओढून ठेवलेले असतात आणि नारळी पौर्णिमेपूर्वी त्यांची डागडुजी व रंगकाम उरकण्याची घाई असते. या दिवसांत रंग आणि हार्डवेअरच्या दुकानांत दिवसाला जेवढी बिले फाटतात तेवढी एरवी आठवड्यात फाटत नाहीत, आणि ग्राहकाचे नाव चुकण्याच्या बहुतेक चुका याच गर्दीत होतात. दुकानात नव्याने हिशेब लिहायला लागलेल्यांसाठी त्यातलीच एक चूक मी येथे शेवटपर्यंत सोडवून दाखवणार आहे. मालवणचे दुकान, देवगड आणि वेंगुर्ला येथील दोन पार्ट्या व आकडे हे सर्व उदाहरणापुरते घेतले आहे, परंतु अशी चूक मी अनेक दुकानांच्या वह्यांत पाहिली आहे.

मालवणच्या एका रंगाच्या दुकानाने १८ जुलै २०२५ रोजी नौकादुरुस्ती करणाऱ्या वेंगुर्ल्याच्या एका पेढीला २० लिटरचे १२ डबे रंग दिला. डब्याचा दर ३,५०० रुपये, म्हणजे मालाची किंमत ४२,००० रुपये झाली. त्यावर १८ टक्के दराने ७,५६० रुपये जीएसटी, म्हणजे ३,७८० रुपये केंद्राचा व ३,७८० रुपये राज्याचा, असे मिळून बिल ४९,५६० रुपयांचे झाले. बिल करताना संगणकावर पार्टीच्या नावाची पहिली तीन अक्षरे टाकली तेव्हा एकाच देवाच्या नावाने सुरू होणाऱ्या दोन पेढ्या यादीत आल्या आणि घाईत खालच्या नावाऐवजी वरचे निवडले गेले. वरची पेढी देवगडची होती. खाते निवडले की त्या खात्याचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक आपोआप बिलावर उतरतात, त्यामुळे MR/25-26/0318 या इन्व्हॉइसवर एक अक्षर नव्हे, तर संपूर्ण ग्राहकच चुकला. माल मात्र टेम्पोने बरोबर वेंगुर्ल्यालाच पोहोचला.

रद्द करायचे की क्रेडिट नोट, म्हणजे लावलेली रक्कम व कर कमी करणारा कागद, द्यायची याचा विचार करण्यापूर्वी नेमके काय चुकले आहे हे पाहावे. सरकारी पोर्टलवर ग्राहकाची ओळख त्याच्या नावाने नव्हे, तर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकाने ठरते. आपण जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरल्यावर ते इन्व्हॉइस ज्याचा क्रमांक त्यावर आहे त्याच्याच जीएसटीआर-२बी या खरेदीवरील कराच्या उताऱ्यात दिसते. म्हणून क्रमांक बरोबर असून नावात ‘ट्रेडर्स’ ऐवजी ‘ट्रेडिंग’ छापले गेले असेल तर करजमा, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याची सवलत, योग्य ग्राहकाकडेच जाते. जीएसटी नियम ३६(२) चे परंतुकही ग्राहकाच्या बाजूचे आहे. कराची रक्कम, मालाचे वर्णन, एकूण किंमत, देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, आणि व्यवहार दोन राज्यांतला असल्यास पुरवठ्याचे ठिकाण एवढे कागदावर असेल, तर इतर तपशील अपुरा असला तरी करजमा घेता येते. अशा किरकोळ चुकीसाठी इन्व्हॉइस रद्दही करू नये आणि क्रेडिट नोटही काढू नये. दुकानाच्या लेटरहेडवर दुरुस्तीचे दोन ओळींचे पत्र द्यावे, त्याची प्रत इन्व्हॉइसच्या स्थळप्रतीला जोडावी आणि संगणकातील खात्याचे नाव त्याच वेळी सुधारावे, म्हणजे पुढच्या बिलावर तीच चूक पुन्हा छापली जाणार नाही. आपल्या उदाहरणात मात्र क्रमांकच दुसऱ्याचा आहे, त्यामुळे पत्राने भागणार नाही.

यापुढचा निर्णय एका प्रश्नावर अवलंबून असतो: चूक सापडली तेव्हा ते इन्व्हॉइस कुठवर पोहोचले होते?

समजा, दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १९ जुलैला, वेंगुर्ल्याहून फोन आला, “बिलावर आमचं नाव नाही हो.” जुलैचे जीएसटीआर-१ भरण्याची मुदत ११ ऑगस्ट आहे, त्यामुळे या इन्व्हॉइसची नोंद अजून सरकारकडे गेलेली नाही. अशा वेळी ते रद्द करून नवे काढणे हाच सरळ मार्ग आहे. मात्र ‘रद्द करणे’ याचा अर्थ नीट समजून घ्यावा. टॅली वापरत असाल तर व्हाउचर उघडून Alt+X दाबावे. त्याने रक्कम शून्य होते, पण क्रमांक आपल्या जागी राहतो. Alt+D दाबल्यास संपूर्ण नोंदच पुसली जाते, आणि क्रमांक देण्याची पद्धत स्वयंचलित असेल तर पुढील बिलांचे क्रमांकही सरकण्याचा धोका असतो. इन्व्हॉइसचे क्रमांक वर्षभर सलग असावेत असे नियम ४६ सांगतो, म्हणून मधला एखादा क्रमांक गायब होणे हे चुकीच्या नावापेक्षा वाईट असते. ३१७ नंतर एकदम ३१९ आलेली वही तपासणाऱ्या माणसापुढे ठेवली, तर तो ३१८ वर काय विकले याचा शोध घेणारच.

त्यानंतर कागदाचे काम उरते, आणि नवखे लोक नेमके तेच विसरतात. टेम्पोवाल्याबरोबर गेलेली मूळ प्रत वेंगुर्ल्याहून परत मागवावी. मालाच्या इन्व्हॉइसच्या तीन प्रती असतात, ग्राहकाची, वाहतूकदाराची आणि आपली. तिन्हींवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ असे लिहावे, तारीख टाकून सही करावी, ‘याऐवजी MR/25-26/0331’ अशी नोंद करावी आणि त्या फाइलमध्ये एकत्र टाचून ठेवाव्यात. हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात, आणि रद्द झालेले इन्व्हॉइसही त्यांतच मोडते. नवे इन्व्हॉइस पुढच्या रिकाम्या क्रमांकावर काढावे व तारीख १९ जुलै हीच घालावी. ते १८ तारखेचे दाखवण्यासाठी मागची तारीख घालू नये, कारण ३३० क्रमांक १९ तारखेचा आणि ३३१ क्रमांक १८ तारखेचा असा उलटा क्रम वहीत उठून दिसतो. त्यापेक्षा नव्या इन्व्हॉइसवर ‘माल १८ जुलै २०२५ रोजी दिला, रद्द झालेल्या MR/25-26/0318 च्या बदली’ असे छापावे. घडले तसेच लिहिलेले असले की पुढे कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

महिना संपल्यावर जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये जुलैमध्ये काढलेल्या इन्व्हॉइसचा पहिला व शेवटचा क्रमांक, एकूण संख्या आणि त्यांतील रद्द किती हे भरायचे असते. तेथे रद्दच्या रकान्यात १ येईल. ०३१८ हा क्रमांक इतर कोणत्याही तक्त्यात दिसता कामा नये. विवरणपत्र भरण्यापूर्वी एवढे एक पाहिले की हा मार्ग पूर्ण झाला.

हाच मार्ग महिन्याच्या टोकाला मात्र अडचणीत आणतो. चुकीचे इन्व्हॉइस ३१ जुलैचे आहे, माल त्याच दिवशी गेला आहे आणि चूक २ ऑगस्टला सापडली, असे समजा. जीएसटीआर-१ अजून भरलेले नाही, म्हणून रद्द करून ऑगस्टच्या तारखेचे नवे इन्व्हॉइस काढण्याचा मोह होतो. तसे केल्यास जुलैमध्ये दिलेल्या मालाचा ७,५६० रुपये कर ऑगस्टच्या विवरणपत्रात जातो, म्हणजे सरकारला तो एक महिना उशिरा मिळतो आणि उशिरा भरलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याजाचा प्रश्न निर्माण होतो. या रकमेवर महिन्याचे व्याज शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास येते, पण वर्षभर असे करत गेल्यास कोणत्या महिन्याची विक्री कोणत्या महिन्यात दाखवली हेच सांगता येईनासे होते. म्हणून मी रद्द करण्यासाठी दोन अटी पाळतो: जीएसटीआर-१ भरलेले नसावे आणि नवे इन्व्हॉइस त्याच महिन्याच्या तारखेत बसावे. दोन्हींपैकी एकही अट मोडत असेल, तर चुकीचे इन्व्हॉइस आहे तसे जुलैमध्ये दाखवावे आणि ऑगस्टमध्ये क्रेडिट नोटने सुधारावे.

आता मूळ उदाहरणातली खरी अडचण घेऊ. वेंगुर्ल्याच्या माणसाने बिल न वाचताच फाइलमध्ये ठेवले आणि त्याच्या हिशेबनिसाने २५ ऑगस्टला विचारले, “तुमचं जुलैचं बिल टू-बी मध्ये येत नाही.” तोपर्यंत मालवणच्या दुकानाने ११ ऑगस्टपूर्वी जीएसटीआर-१ भरले होते, २० ऑगस्टला जीएसटीआर-३बी भरून करही भरला होता, आणि ते ४९,५६० रुपयांचे इन्व्हॉइस देवगडच्या पेढीच्या नावावर पोर्टलवर जाऊन बसले होते. येथे Alt+X दाबणे ही मोठी चूक ठरेल. संगणकातली जुलैची विक्री ४२,००० रुपयांनी घटेल, पण भरलेले विवरणपत्र जागचे हलणार नाही. ही तफावत पुढे मार्चनंतर वह्या आणि विवरणपत्रे जुळवताना सापडते, आणि तोपर्यंत ती कशामुळे झाली हे कोणाला आठवत नाही.

अशा वेळी देवगडच्या पेढीच्या नावाने क्रेडिट नोट काढावी आणि वेंगुर्ल्याच्या पेढीच्या नावाने नवे इन्व्हॉइस काढावे, आणि हे दोन्ही कागद एकाच दिवशी निघावेत. क्रेडिट नोट ही जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली येते. त्यात तिची कारणे दिली आहेत: देय करापेक्षा जास्त कर किंवा जास्त किंमत लावली जाणे, माल परत येणे, आणि माल किंवा सेवा सदोष निघणे. ‘नाव चुकले’ असे कारण त्यात वेगळे दिलेले नाही. माझ्या समजुतीने आपले प्रकरण पहिल्या कारणात बसते, कारण देवगडच्या पेढीला माल दिलेलाच नाही, तिच्याकडून देय कर शून्य होता आणि इन्व्हॉइसवर ७,५६० रुपये लावला गेला. म्हणून नोटवरचे कारण ‘माल परत’ असे कधीही लिहू नये. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तोच पर्याय सर्वांत वर असतो आणि सवयीने तोच निवडला जातो. जो माल देवगडला गेलाच नाही तो तेथून परत कसा आला याचे उत्तर नंतर देता येत नाही. कारण साध्या शब्दांत असावे: ‘ग्राहकाचे नाव व जीएसटी क्रमांक चुकून नोंदला गेला, या ग्राहकास माल दिलेला नाही.’

क्रेडिट नोटला स्वतःची वेगळी सलग क्रमांकमाला असते. तिच्यावर तिचा क्रमांक व तारीख, दोन्ही पक्षांची नावे, पत्ते व जीएसटी क्रमांक, मूळ इन्व्हॉइसचा क्रमांक व तारीख, किंमत, कराचा दर व रक्कम आणि सही असावी. रक्कम पूर्ण ४२,००० अधिक ७,५६० अशीच घ्यावी. वेंगुर्ल्याकडून येणे असलेले पैसे किंवा दिलेली सूट तिच्यात मिसळू नये. ऑगस्टच्या जीएसटीआर-१ मध्ये ही नोट तक्ता 9B मध्ये जाते आणि नवे इन्व्हॉइस नेहमीप्रमाणे तक्ता 4A मध्ये जाते. ऑगस्टच्या करात एकीकडे ७,५६० वजा आणि दुसरीकडे ७,५६० अधिक होतात, म्हणजे दुकानाच्या खिशातून जादा काही जात नाही. वेंगुर्ल्याच्या पेढीला करजमा जुलैऐवजी ऑगस्टमध्ये मिळेल, एवढे तिचे नुकसान होते आणि ते तिला आधीच सांगून ठेवावे.

परंतु नोट काढण्याच्याही आधी देवगडला फोन करावा, आणि ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तेथील हिशेबनिसाला दोन गोष्टी विचाराव्यात: ते इन्व्हॉइस पोर्टलवरील इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये दिसले का, आणि त्याची करजमा घेतली गेली का? या व्यवस्थेत ग्राहक आलेले इन्व्हॉइस स्वीकारू शकतो, नाकारू शकतो किंवा प्रलंबित ठेवू शकतो. त्याने काहीच केले नाही तर ते स्वीकारले असे धरले जाते आणि रक्कम त्याच्या २बी मध्ये जाते. देवगडच्या पेढीने नकळत ७,५६० रुपयांची करजमा घेतली असेल तर ती तिला उलटवावी लागेल. आपण न सांगता क्रेडिट नोट पाठवली आणि कोणाची हे न कळून तिने ती नाकारली, तर वजा केलेला कर पुन्हा आपल्याच देयात येतो आणि पुढच्या जीएसटीआर-३बी मध्ये तो भरावा लागतो. पाच मिनिटांचे बोलणे आणि मागोमाग एक पत्र किंवा ईमेल एवढ्याने हे टळते. पत्रात चुकीच्या इन्व्हॉइसचा व क्रेडिट नोटचा क्रमांक द्यावा आणि करजमा घेतलेली नाही किंवा उलटवली आहे असे त्यांच्याकडून लेखी मागावे.

संगणकात क्रेडिट नोट टाकताना मालाचा साठाही पाहावा. मालासह नोट टाकली की सॉफ्टवेअर १२ डबे साठ्यात परत घेते आणि नवे इन्व्हॉइस ते पुन्हा बाहेर काढते, त्यामुळे शेवटी साठा बरोबर राहतो. पण एका कागदात माल आणि दुसऱ्यात नुसती रक्कम टाकली, तर कपाटात नसलेले १२ डबे वहीत दिसू लागतात, किंवा असलेले दिसेनासे होतात. दोन्ही नोंदी झाल्यावर तीन ठिकाणी नजर टाकावी. देवगडच्या खात्याची बाकी १८ जुलैपूर्वी होती तेवढीच असावी, वेंगुर्ल्याच्या खात्यावर ४९,५६० रुपये येणे दिसावेत, आणि रंगाच्या डब्यांचा साठा प्रत्यक्ष मोजणीशी जुळावा. वेंगुर्ल्याने मध्यंतरी काही रक्कम भरली असेल आणि ती ‘0318 पोटी’ म्हणून देवगडच्या खात्यात गेली असेल, तर तीही त्याच वेळी हलवावी.

आणखी एक पर्याय आहे आणि अनुभवी लोक तो सुचवतात. पुढच्या जीएसटीआर-१ मधील तक्ता 9A मध्ये आधी दाखवलेल्या इन्व्हॉइसचा ग्राहक क्रमांक बदलता येतो, म्हणजे क्रेडिट नोट व नवे इन्व्हॉइस यांची गरज राहत नाही. भरलेल्या जीएसटीआर-१ ची दुरुस्ती करण्याच्या त्याच महिन्याच्या जीएसटीआर-१ए मध्ये मात्र ग्राहकाचा क्रमांक बदलता येत नाही, हे लक्षात ठेवावे. तक्ता 9A चा मार्ग सुटसुटीत आहे, आणि देवगडने काहीच केलेले नसेल तर तो पुरतो. तरीही करजमा घेतली गेली असेल, तर मी क्रेडिट नोटच पसंत करतो. त्यांना करजमा उलटवायची असते तेव्हा हातात कागद लागतो, आणि तो नोटेमुळे मिळतो. जो मार्ग घ्याल तो एकच घ्या. 9A मध्ये बदल केला आणि भीतीपोटी क्रेडिट नोटही टाकली, तर तीच विक्री दोनदा सुधारली जाते आणि कर ७,५६० रुपयांनी कमी भरला जातो.

क्रेडिट नोटची मुदतही ठरलेली आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षातील व्यवहाराची नोट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, किंवा त्यापूर्वी वार्षिक विवरणपत्र भरले तर त्या दिवसापर्यंत, विवरणपत्रात दाखवावी लागते. त्यानंतर दिलेली नोट फक्त आपसातल्या हिशेबापुरती राहते, तिने कर कमी होत नाही.

ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटींहून अधिक आहे त्यांना ई-इन्व्हॉइस काढावे लागते आणि त्यांच्यासाठी घड्याळ फार लवकर थांबते. पोर्टलवरून मिळालेला आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइसचा संदर्भ क्रमांक, २४ तासांच्या आतच रद्द करता येतो. त्या मालासाठी ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावे लागते, आणि त्यालाही २४ तासांचीच मुदत आहे. वाटेत कोणी अधिकाऱ्याने ते तपासले असेल तर तेही रद्द होत नाही. रद्द झालेल्या ई-इन्व्हॉइसचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, कारण आयआरएन त्या क्रमांकावरूनच तयार होतो. २४ तास उलटले की महिना संपलेला नसला तरी क्रेडिट नोट किंवा विवरणपत्रातली दुरुस्ती एवढेच मार्ग उरतात. म्हणून मोठ्या दुकानांत संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी त्या दिवसाची सर्व इन्व्हॉइसे टेम्पोच्या पावत्यांशी पडताळण्याची पद्धत ठेवावी.

सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याच्या बाजूला आणखी एक गोष्ट घडते. सारख्या नावाच्या दोन पेढ्यांपैकी एक गोव्यात असते. तिच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात २७ ऐवजी ३० ने होते, आणि सॉफ्टवेअर त्या खात्यावरून करही बदलते. महाराष्ट्रातल्या ग्राहकाऐवजी चुकून गोव्याचा निवडला गेला तर केंद्र व राज्य करांऐवजी दोन राज्यांतील व्यवहारावरचा आयजीएसटी लागतो. तेथे फक्त नाव चुकलेले नसते, कराचा प्रकारही चुकलेला असतो. म्हणून चुकीचे इन्व्हॉइस हातात आले की नावाखालोखाल क्रमांकाचे पहिले दोन आकडे वाचावेत. ते वेगळे असतील तर क्रेडिट नोट ज्या प्रकारचा कर लावला गेला होता त्याच प्रकारची काढावी, आणि नवे इन्व्हॉइस योग्य कराचे काढावे.